गाडीतल्या गाण्याची धार कुठे जाते?

एखादा अभंग घ्यावा, ज्यात मागे पखवाज आहे, वीणा आहे आणि पाच-सहा टाळकरी अंगात आल्यासारखे टाळ वाजवताहेत. फोनमध्ये तो आधीच उतरवून ठेवावा आणि उभ्या गाडीत, इंजिन बंद करून, दोनदा ऐकावा. एकदा फोन तारेने स्टिरिओला जोडून आणि एकदा ब्लूटूथवरून. गायकाचा आवाज दोन्ही वेळा जवळपास सारखाच येईल. पखवाजाची थापही फारशी बदलणार नाही. फरक कळतो तो टाळांत. तारेवरून ऐकताना प्रत्येक टाळाचा घाव वेगळा पडतो, त्यामागची झिणझिण हळूहळू विरत जाते. काही गाड्यांमध्ये ब्लूटूथवर तेच टाळ एकमेकांत मिसळतात, घावाची धार बोथट होते आणि मागे नुसती सळसळ उरते. गाणं बिघडलेलं नसतं, पण ते सपाट झालेलं असतं.

हा फरक प्रत्येक गाडीत जाणवत नाही, आणि जाणवतो तिथेही त्याचं कारण एकच असतं असं नाही. ‘बिनतारी म्हटलं की आवाज जाणारच’ असं बहुतेकजण म्हणतात आणि विषय सोडून देतात. खरं तर हवेतून जाण्यामुळे गाणं सपाट होत नाही. ब्लूटूथवरून आवाज आकड्यांच्या रूपात जातो. वाटेत एखादं पाकीट हरवलं तर ते पुन्हा मागवलं जातं, आणि फारच पाकिटं हरवू लागली तर गाणं अडखळतं, मध्येच तुटतं. रेडिओचा दुवा कमकुवत असल्याची खूण ही अशी असते. आवाज न तुटता नुसताच निस्तेज येत असेल तर दोष रेडिओलहरींचा नाही, फोन आणि स्टिरिओ एकमेकांशी जोडले जाताना पहिल्या काही क्षणांत जो करार करतात त्यात तो शोधावा लागतो.

त्या कराराची गरज का पडली, हे एका हिशेबातून कळतं. सीडीवरचं संगीत सेकंदाला ४४,१०० वेळा मोजलेलं असतं, प्रत्येक मोजणीला १६ बिट दिलेले असतात आणि डावी-उजवी अशा दोन वाहिन्या असतात. गुणाकार केला तर दर सेकंदाला १४ लाख ११ हजार बिट होतात. सुरुवातीच्या ब्लूटूथचा कच्चा वेगच सेकंदाला १० लाख बिटचा होता आणि त्यातलाही बराचसा भाग व्यवस्थापनात खर्च व्हायचा. २००३ साली ब्लूटूथवरून स्टिरिओ संगीत पाठवण्याचे नियम तयार झाले, तेव्हा सीडीइतका मजकूर त्या वाटेने जाणं शक्यच नव्हतं. तो आधी आवळायचा आणि पलीकडे पुन्हा उलगडायचा, हाच मार्ग होता. आवळण्याच्या आणि उलगडण्याच्या या पद्धतीला कोडेक म्हणतात.

त्या नियमांनी एक कोडेक सगळ्यांना सक्तीचा केला. त्याचं नाव एसबीसी. त्याचं मूळ फिलिप्स कंपनीत नव्वदच्या दशकात झालेल्या संशोधनात आहे. त्या काळच्या छोट्याशा, स्वस्त चिपलाही झेपेल इतकंच गणित त्यात आहे, आणि संगीतासाठी ब्लूटूथ वापरणाऱ्या कुठल्याही दोन उपकरणांचं दुसऱ्या कुठल्याच कोडेकवर जमलं नाही तरी एसबीसीवर जमतंच. म्हणून नव्या फोनचा आणि पंधरा वर्षं जुन्या गाडीचा मेळ बसतो. म्हणूनच आजही असंख्य गाड्यांमध्ये गाणं याच वाटेने जातं. एसबीसीला सरसकट नावं ठेवण्याची पद्धत पडली आहे, पण ते अन्यायाचं आहे. नीट वापरला तर हा कोडेक चांगला आवाज देतो. तो किती बिटांत वापरला जातो यावर सगळं ठरतं.

एसबीसी गाण्याचे अतिशय छोटे तुकडे पाडतो. नेहमीच्या मांडणीत एक तुकडा १२८ मोजण्यांचा, म्हणजे सेकंदाच्या हजाराव्या भागात सांगायचं तर २.९ एवढा असतो. सेकंदाला असे जवळपास ३४५ तुकडे होतात. प्रत्येक तुकड्यातला आवाज तो खर्जापासून तारापर्यंत आठ समान पट्ट्यांत विभागतो. मानवी कान साधारण २० हजार हर्ट्झपर्यंत ऐकतो आणि हे मोजमाप २२,०५० हर्ट्झपर्यंत जातं. त्यामुळे एकेक पट्टा सुमारे २,७५६ हर्ट्झ रुंद होतो. गायकाचे सूर, पेटीची सुरावट, पखवाजाची थाप हे बहुतांशी पहिल्या पट्ट्यातच बसतं. वरच्या पट्ट्यांत व्यंजनांची टोकं, तारेवरच्या नखीचा आवाज आणि टाळांची झळाळी असते.

मग प्रत्येक पट्ट्यात त्या क्षणी आवाज किती मोठा आहे हे पाहिलं जातं आणि त्यानुसार बिट वाटले जातात. वाटायला एकूण किती बिट आहेत, त्या आकड्याला बिटपूल म्हणतात. नियमांनी उत्तम दर्जासाठी सुचवलेला बिटपूल ५३ आहे. दोन वाहिन्यांचे आठ-आठ पट्टे मिळून सोळा होतात. पंगतीत सोळा पानं मांडली आहेत आणि वाढायला जिलब्या त्रेपन्न आहेत, असा हा हिशेब. सरासरी काढली तर एका पानावर तीनाहून थोड्या जास्त येतात. सीडीवर प्रत्येक मोजणीला १६ बिट होते, इथे सरासरी ३.३ उरतात. अर्थात वाढणारा सरसकट सारखं वाढत नाही. पहिल्या पट्ट्यात गाण्याचा जीव असतो, त्याला भरपूर मिळतं आणि ज्या पट्ट्यात काहीच वाजत नाही त्याला शून्य. बहुतेक गाणी यात छान निभावतात. सेकंदाला ३ लाख २८ हजार बिट एवढा हा प्रवाह असतो, आणि अशा एसबीसीला तारेवरच्या आवाजापासून वेगळं ओळखणं बहुतेकांना सहज जमत नाही.

आता तोच बिटपूल ३५ वर आला असं धरू. नियमांनी मध्यम दर्जासाठी सुचवलेला हा आकडा आहे. पट्टे सोळाच राहतात, वाटायला बिट मात्र पस्तीस. सरासरी २.२ वर येते आणि प्रवाह सेकंदाला २ लाख २९ हजार बिटांवर. गाणं एकट्या बासरीचं असेल तर फार बिघडत नाही, कारण बासरीची ऊर्जा एक-दोन पट्ट्यांतच असते आणि बाकीचे पट्टे काही मागत नाहीत. अभंगातले टाळ वाजू लागले की गणित बिघडतं. टाळाचा आवाज काही हजार हर्ट्झपासून कानाच्या वरच्या मर्यादेपर्यंत पसरलेला असतो, त्यामुळे जवळपास सगळे पट्टे एकाच क्षणी मागणी करतात. त्याच वेळी गायकाचा सूर आणि पखवाज खालच्या पट्ट्यात आपला वाटा धरून बसलेले असतात. मग वरच्या पट्ट्यांपैकी काहींना एखाद-दुसरा बिट मिळतो, काहींना काहीच नाही.

एक-दोन बिटांत आवाजाची लहर काटेकोर उतरत नाही. मूळ लहर आणि उतरवलेली लहर यांतला फरक खरखरीच्या रूपात त्या पट्ट्यात पसरतो. शून्य बिट मिळालेला पट्टा तर गप्पच होतो. पुढच्या तुकड्यात वाटप बदललं की तोच पट्टा पुन्हा बोलू लागतो. सेकंदाला शेकडो वेळा हे घडत राहतं आणि कानाला जाणवते ती टाळांची बोथट, सळसळणारी आवृत्ती. वीणेची छेड मागे सरकते, दोन टाळकऱ्यांमधलं अंतर पुसलं जातं. टाळ्यांचा कडकडाट, झांजा, सतारीच्या तरफा, पावसाचा आवाज, सिनेसंगीतातलं भरगच्च व्हायोलिन पथक यांनाही हीच बाधा होते. म्हणून कोडेक तपासायचा तर अशीच गाणी निवडावीत. संथ भावगीतावर तो सहज उत्तीर्ण होतो.

मग ३५ चा आकडा येतो कुठून? ब्लूटूथ जोडताना गाडीचा स्टिरिओ आपली क्षमता फोनला सांगतो. कुठले कोडेक समजतात, एसबीसीमध्ये किती पट्टे चालतील, कमाल बिटपूल किती, हे त्यात असतं. फोन त्या मर्यादेत राहून पाठवतो. गाडीने कमाल ३५ सांगितलं तर फोन कितीही महागडा असला तरी त्याच्या वर जात नाही. स्टिरिओ बनवणाऱ्याने जुनी चिप वापरली असेल, किंवा गाणं कधीच अडखळू नये म्हणून आकडा मुद्दाम कमी ठेवला असेल, तर तो निर्णय गाडीच्या पूर्ण आयुष्यभर चिकटून राहतो. दुसरं कारण रेडिओचं आहे. २००४ मध्ये ब्लूटूथच्या दुसऱ्या आवृत्तीने वाढीव वेगाची सोय आणली. ही सोय नसलेला जुना स्टिरिओ समोर आला तर अँड्रॉइडची मूळ प्रणाली एसबीसीचा प्रवाह स्वतःहून २ लाख २९ हजारांवर उतरवते. पहिल्या पिढीच्या ब्लूटूथ स्टिरिओची बदनामी इथूनच सुरू झाली.

आपल्या गाडीत काय चाललं आहे हे अँड्रॉइड फोनवर पाहता येतं. सेटिंग्जमध्ये फोनच्या माहितीच्या पानावर `Build number` ही ओळ असते. तिच्यावर सात वेळा टिचकी मारली की `Developer options` हा नवा विभाग उघडतो. गाडीला फोन जोडून, गाणं सुरू ठेवून त्या विभागातल्या `Bluetooth Audio Codec` या ओळीत पाहिलं की सध्याचा कोडेक दिसतो. बिटपूल मात्र तिथे दिसत नाही. ज्यांना तांत्रिक खटाटोप आवडतो त्यांनी त्याच विभागातलं `Enable Bluetooth HCI snoop log` सुरू करावं, ब्लूटूथ बंद करून पुन्हा गाडीला जोडावं आणि फोनच्या बग रिपोर्टमधून मिळालेली नोंद संगणकावर वायरशार्क या मोफत प्रणालीत उघडावी. तिथे `btavdtp` अशी चाळणी लावली की फोन आणि गाडी यांचा सगळा संवाद ओळीओळीने समोर येतो आणि त्यात गाडीने सांगितलेला कमाल बिटपूल आकड्यात असतो. ५३ दिसला तर कोडेकवर संशय घेण्याचं कारण बरंचसं संपतं. आयफोन ही माहिती दाखवत नाही.

आयफोनचा मार्ग वेगळा आहे. त्याला ब्लूटूथ संगीतासाठी एसबीसी आणि एएसी हे दोनच कोडेक येतात. गाडीला एएसी समजत असेल तर तो एएसी निवडतो, नसेल तर निमूटपणे एसबीसीवर येतो. एएसीची बुद्धी जास्त बारकाईची आहे. एसबीसी आवाजाचे आठ पट्टे करतो, तर एएसी हजाराहून थोडे जास्त, म्हणजे एकेक पट्टा अवघा वीस-बावीस हर्ट्झचा. एखाद्या मोठ्या सुराच्या अगदी शेजारी पडलेली खरखर कानाला ऐकू येत नाही, हे एएसीला नेमकं साधता येतं. रुंद पट्ट्यांच्या एसबीसीला ते जमत नाही. म्हणून एएसी थोड्या बिटांत तेवढंच काम करतो. मोबदल्यात त्याला गणित जास्त करावं लागतं. अँड्रॉइडमध्ये हे गणित प्रत्येक कंपनी आपापल्या पद्धतीने बसवते आणि काही फोनमध्ये वरचे सूर बऱ्यापैकी छाटले जातात. म्हणून एकाच गाडीत आयफोनचा एएसी खुला वाटतो आणि एखाद्या अँड्रॉइडचा एएसी त्याच फोनच्या एसबीसीपेक्षा मंद वाटतो, असं घडू शकतं. `Developer options` मध्ये कोडेक बदलून दोन्ही ऐकून पाहणं हाच तिथे खात्रीचा उपाय.

एपीटीएक्स आणि एलडॅक ही नावं जाहिरातींत ठळक असतात. पहिल्याची मुळं १९८० च्या दशकातल्या बेलफास्टमधल्या क्वीन्स विद्यापीठात आहेत आणि आज तो क्वालकॉमकडे आहे. सीडीच्या दर्जाचा आवाज तो चारास एक या प्रमाणात आवळतो, म्हणजे प्रवाह सेकंदाला ३ लाख ५२ हजार बिट. उत्तम एसबीसीहून हा आकडा थोडासाच मोठा आहे. एलडॅक सोनीचा, २०१५ चा, आणि तो सेकंदाला ९ लाख ९० हजार बिटांपर्यंत जाऊ शकतो. सोनीने त्याचा पाठवणारा भाग २०१७ मध्ये अँड्रॉइडला खुला करून दिल्यामुळे तो अनेक फोनमध्ये असतो. पण कोडेक दोन्ही बाजूंना लागतो. कंपनीतून बसून आलेल्या स्टिरिओंपैकी फार थोडे एलडॅक ओळखतात. बाहेरून बसवून घेतलेल्या काही महागड्या स्टिरिओंमध्ये तो मिळतो. फोनच्या खोक्यावर एलडॅक लिहिलेलं आहे म्हणून गाडीतलं गाणं सुधारेल, ही अपेक्षा बहुतेक वेळा फोल ठरते.

एक गैरसमज इथेच दूर करायला हवा. ॲपल म्युझिकचं नेहमीचं गाणं एएसीमध्येच असतं, मग ते तसंच्या तसं गाडीत जात असेल, असं अनेकांना वाटतं. प्रत्यक्षात फोन आधी ते पूर्ण उलगडतो, कारण त्यात नकाशाच्या सूचना आणि इतर आवाज मिसळायचे असतात. मग तयार झालेला आवाज ब्लूटूथसाठी नव्याने आवळला जातो. स्पॉटिफायच्या ऑग व्हॉर्बिस गाण्यांचंही हेच होतं. गाणं दोनदा आवळलं जातं आणि पहिल्या वेळी गमावलेलं दुसऱ्या वेळी परत येत नाही. त्यामुळे ॲपमधली दर्जाची निवड महत्त्वाची ठरते. स्पॉटिफायवर सर्वांत खालचा दर्जा सेकंदाला २४ हजार बिटांचा आणि ‘व्हेरी हाय’ ३ लाख २० हजारांचा आहे. निवड ‘ऑटोमॅटिक’वर असेल तर घाटात नेटवर्क मंदावलं की ॲप गुपचूप खाली उतरतं. वायफायवर आधीच उतरवून घेतलेलं गाणं वाजवलं तर ही शक्यताच राहत नाही. तुलना करायची तर तारेवर आणि ब्लूटूथवर तेच उतरवलेलं गाणं हवं, नाहीतर दोष नेटवर्कचा आणि शिक्षा कोडेकला, असं होतं.

कोडेकवर फुटणारं सगळ्यांत मोठं खापर मात्र वेगळ्याच गोष्टीचं असतं. ती गोष्ट म्हणजे आवाजाची पातळी. १९३३ मध्ये बेल प्रयोगशाळेतल्या फ्लेचर आणि मन्सन यांनी मोजून दाखवलं की आवाज लहान झाला की कानाला खर्ज सगळ्यांत आधी कमी ऐकू येऊ लागतो आणि मधले सूर तेवढे पुढे राहतात. म्हणजे कुठलाही बिट न गमावता, केवळ पातळी खाली आल्याने गाणं पोकळ आणि सपाट वाटू शकतं. गाडीत ही पातळी दोन ठिकाणी ठरते. ब्लूटूथवर फोनचा आवाज आणि स्टिरिओचा आवाज अनेकदा वेगवेगळे चालतात. फोन निम्म्यावर ठेवला तर आवाज फोनमध्येच, आकड्यांत, लहान होतो. दर ६ डेसिबलला सोळापैकी एक बिट वाया जातो आणि मग स्टिरिओ त्या लहान आवाजासोबत स्वतःच्या आतली सूक्ष्म खसखसही मोठी करतो. त्यावर आणखी एक भर अशी की अनेक स्टिरिओंमध्ये ब्लूटूथ, तार आणि रेडिओ यांची आतली पातळी मुळातच सारखी नसते. तारेवरून आवाज दोन-तीन डेसिबल मोठा येत असेल तर तो ‘मोठा’ असा जाणवत नाही, ‘जास्त जिवंत’ असाच जाणवतो.

उपाय साधा आहे. ब्लूटूथवर ऐकताना फोनचा आवाज पूर्ण ठेवावा आणि कमी-जास्त स्टिरिओच्या बटणाने करावं. बहुतेक बाहेरच्या कंपन्यांच्या स्टिरिओंमध्ये प्रत्येक मार्गाची पातळी वेगळी जुळवण्याची सोय सेटिंग्जमध्ये असते. काही स्टिरिओ बास-ट्रेबलची मांडणीही प्रत्येक मार्गासाठी वेगळी लक्षात ठेवतात. तारेसाठी कुणीतरी कधीतरी बास वाढवून ठेवलेला असतो आणि ब्लूटूथवर तो शून्यावरच असतो. फोनमधला बॅटरी वाचवण्याचा किंवा आवाज सुधारण्याचा एखादा पर्याय फक्त एकाच मार्गावर लागू होत असतो. हे सगळं कोडेकच्या आधी तपासायचं.

आवाज नुसता सपाट नाही, तर टेलिफोनवर गाणं ऐकल्यासारखा चिमटलेला येत असेल, तर रोग निराळाच असतो. ब्लूटूथमध्ये संगीतासाठी एक वाट आणि फोनकॉलसाठी दुसरी वाट असते. कॉलची जुनी वाट सेकंदाला आठ हजार मोजण्यांची, एकाच वाहिनीची आहे, म्हणजे ४ हजार हर्ट्झच्या वरचं त्यात काहीच मावत नाही. नंतर आलेली सुधारित वाट ८ हजार हर्ट्झपर्यंत पोचते, पण तीही एकाच वाहिनीची. एखाद्या ॲपने मायक्रोफोन धरून ठेवला किंवा नकाशाच्या ॲपमध्ये सूचना ब्लूटूथ कॉलच्या वाटेने वाजवण्याचा पर्याय सुरू असला की गाडी मधूनमधून त्या वाटेवर जाते. कधी जोडताना फोनमधल्या त्या गाडीच्या पानावर कॉलची परवानगी दिलेली असते आणि मीडियाची नसते. तिथला मीडियाचा खटका सुरू केला की गाणं पूर्ववत होतं.

इतकं सारं सांगितल्यावर एक निर्णय स्पष्टपणे द्यायला हवा. धावत्या गाडीत, महामार्गाच्या वेगाला, टायर, वारा आणि इंजिन मिळून साधारण ६५ ते ७५ डेसिबलचा अखंड घोष करत असतात आणि त्यातला बराचसा खर्जात असतो. गाण्यातले हळुवार भाग त्यात बुडतात. तिथे ५३ बिटपूलचा एसबीसी, चांगला एएसी आणि तार यांतला फरक शोधणं म्हणजे वेळ घालवणं. फरक ऐकू येतोच असेल तर तो पातळीचा असण्याची शक्यता सर्वाधिक, त्यानंतर कमी दर्जाच्या प्रवाहाची, आणि कोडेकची सगळ्यात शेवटी. ३५ बिटपूलची गाडी याला अपवाद आहे. तिथे टाळ-झांजांची सळसळ ऐंशीच्या वेगालाही कान ओळखतात.

हे कानाने ठरवायचं असेल तर परीक्षा दोघांनी मिळून घ्यावी. गाडी उभी, इंजिन बंद, काचा वर, गाणं उतरवलेलं आणि तुकडा टाळांचा, तीसेक सेकंदांचा. एकजण फोन तारेवरून ब्लूटूथवर आणि परत आणतो, दुसरा स्टिरिओकडे न बघता ऐकतो. आधी आवाज जुळवून घ्यायचा. दुसऱ्या फोनमधलं आवाज मोजणारं ॲप सीटच्या डोक्याशी धरून दोन्ही मार्गांवर तोच आकडा येईपर्यंत बटण फिरवलं की पुरतं. ते जुळवल्यावर बहुसंख्य तक्रारी तिथेच विरतात. आणि आवाज जुळवूनही ऐकणारा पुनःपुन्हा बरोबर ओळखत असेल, तर गाडीने केलेला करार खरोखरच तोकडा आहे.

अशा गाडीत तारेकडे परतण्याआधी तारेचे दोषही माहीत असलेले बरे. साडेतीन मिलिमीटरच्या पिनेतून जाणारा आवाज आकड्यांचा नसतो, विद्युतलहरीचा असतो, आणि त्यात गाडीची वीज शिरू शकते. फोन गाडीच्याच सॉकेटवर चार्ज होत असताना इंजिनाच्या वेगाबरोबर चढणारी-उतरणारी शिट्टी ऐकू आली तर ती डायनमोची असते. चार्जर काढला की ती थांबते. ती घालवण्यासाठी मिळणाऱ्या आयसोलेटरमध्ये छोटा ट्रान्सफॉर्मर असतो, आणि स्वस्त आयसोलेटर शिट्टीबरोबर खर्जही खातो. शिवाय नव्या फोनला ती पिन लावायची जागाच नसते. आयफोनने ती २०१६ मध्ये काढली. मग जोडणीचा छोटा अडॅप्टर लागतो आणि त्याच्या आतली चिप जशी असेल तसा आवाज येतो. नव्या गाड्यांमध्येही ही जागा दिसेनाशी होत चालली आहे.

यूएसबीच्या वायरने अँड्रॉइड ऑटो किंवा कारप्ले लावलं तर हे दोन्ही प्रश्न टळतात. आवाज आकड्यांतच जातो आणि ब्लूटूथच्या बिटपूलशी त्याचा संबंध राहत नाही. फार कमी लोकांना माहीत असलेली बाब अशी की बिनतारी अँड्रॉइड ऑटो आणि बिनतारी कारप्लेसुद्धा संगीत ब्लूटूथवरून पाठवत नाहीत. ब्लूटूथ फक्त सुरुवातीची ओळख करून देतं आणि मग गाणं गाडी व फोन यांच्यातल्या खासगी वायफायवरून जातं, जिथे जागा कितीतरी जास्त आहे. म्हणजे एकाच गाडीत, एकाच फोनवर, वायर न लावता, साध्या ब्लूटूथवर टाळ सळसळतात आणि अँड्रॉइड ऑटोवर खणखणतात, असं होऊ शकतं. ज्या स्टिरिओत अँड्रॉइड ऑटो फक्त वायरने चालतं, त्याला बिनतारी करणारी छोटी उपकरणं बाजारात मिळतात, तीही वायफायच वापरतात.

पुढची पिढी दारात आहे. २०२० मध्ये जाहीर झालेल्या आणि २०२२ मध्ये पूर्ण झालेल्या ब्लूटूथच्या नव्या ध्वनिनियमांत एलसी३ हा कोडेक एसबीसीच्या जागी सक्तीचा केला आहे. कमी बिटांत तो एसबीसीहून चांगला आवाज देतो. पण तो जुन्या रेडिओवर चालत नाही, आणि गाडी दहा-पंधरा वर्षं वापरली जाते. एसबीसी त्यामुळे अजून बराच काळ सोबत असणार आहे.

नवी गाडी किंवा नवा स्टिरिओ घेणाऱ्याने म्हणूनच दुकानात आपला फोन जोडून पाहावा, `Bluetooth Audio Codec` ची ओळ वाचावी, टाळांचा अभंग इंजिन बंद ठेवून ऐकावा आणि अँड्रॉइड ऑटो किंवा कारप्ले बिनतारी चालतं का हे विचारावं. जुन्या गाडीच्या मालकाने एवढं तरी करावं: फोनचा आवाज पूर्ण वर, ॲपमधला दर्जा सर्वांत वरचा, गाणी उतरवून ठेवलेली आणि कॉलची वाट गाण्यापासून दूर. त्यानंतरही टाळ बोथट वाजले, तरच स्टिरिओ बदलण्याचा खर्च करावा.